परत परत येणारा व्हिलन कसा बनवायचा (डी अँड डी चालवणाऱ्यांसाठी)

आधी स्टॅट ब्लॉक उघडू नका. एका ओळीत लिहा, याला काय पाहिजे आणि का. "जगावर राज्य" वगैरे चालणार नाही, त्याचं टेबलावर काही करता येत नाही. माझा ऑल्ड्रिक सावकार आहे. त्याचा भाऊ जेलमध्ये मेला, कारण कर्ज फेडलेलं होतं पण पावती हरवली होती. आता त्याला सगळं शहर स्वतःच्या वहीत पाहिजे, म्हणजे कोणीच त्याला खोटं पाडू शकणार नाही.

मग पद्धत, आणि ती एकच ठेवा. ऑल्ड्रिक कधीच तलवार काढत नाही, तो लोकांची कर्जं विकत घेतो आणि मग त्यांच्याकडून कामं करून घेतो. दोन-तीनदा तेच झालं की प्लेअर स्वतःच म्हणतात, अरे हा पहारेकरी पण त्याचाच असणार. हे वाक्य तुम्ही बोलायचं नाही हं, त्यांच्या तोंडून येऊ द्या.

कमजोरी बाहेरून चिकटवू नका, ती कारणातूनच यायला हवी. पावतीमुळे भाऊ गेला म्हणून ऑल्ड्रिक एकही कागद जाळत नाही, स्वतःला फासावर चढवतील असेसुद्धा नाही. याचे इशारे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण एक प्लेअरना दिसत नाही, दुसऱ्याचा अर्थ ते भलताच लावतात. माझे तीन: भावाचं थडगं, काहीच फेकू न देणारा कारकून, आणि आग लागल्यावर माणसं सोडून पेट्या बाहेर काढणारे नोकर.

आता खरी डोकेदुखी, तो पहिल्याच भेटीत मरतो. चार-पाच प्लेअर एका राउंडमध्ये चार-पाच वेळा मारणार, हा एकटा, गणितच बसत नाही. म्हणून पहिली भेट भांडणाची नकोच, माझ्याकडे त्याने फायटरचा 40 गोल्डचा दंड भरला आणि फक्त सही घेतली. दुसऱ्या भेटीत पळायची सोय आधीच लिहून ठेवा, जसं पगारी जादूगार आणि डायमेन्शन डोर, 500 फुटांपर्यंत थेट गायब. पण त्यासाठी ऑल्ड्रिक जादूगाराच्या 5 फुटांत लागतो आणि काउंटरस्पेलने तो स्पेल अडवताही येतो, म्हणजे प्लेअरना खरा चान्स आहे. ऐन वेळी "तो कसातरी सुटला" केलंत तर टेबल तुमच्यावर चिडेल, व्हिलनवर नाही. अडवलाच तर मरू द्या, वह्या पुतणीकडे जातात आणि गोष्ट पुढे चालू.

दोन सेशननंतर कोणी "हा कोण होता रे?" विचारलं तर तो कमी दिसतोय. लगेच समोर आणू नका, त्याच्या कर्जात बुडालेला ओळखीचा खानावळवाला आणा.

आणि शेवटी वह्या सापडतात तेव्हा पहिल्या सेशनचे ते 40 गोल्ड पण त्यात असू द्या, व्याजासकट, खाली फायटरची सही.