रोजच्या भाजीसाठी सुरी: पोलाद आणि मूठ कशी निवडावी

नवी सुरी कुठल्याही पोलादाची असली तरी पहिले पंधरा दिवस छान चालते. खरं पोलाद कळतं ते पहिली धार गेल्यावर. म्हणून आधी हे ठरवा की धार घरी कोण लावणार आणि कशावर लावणार. पोलाद त्यावरूनच ठरतं.

आमच्या घरी चौघांची रोज साधारण एक किलो भाजी चिरली जाते. कांदे, टोमॅटो, गवार, मेथी असतेच, आणि आठवड्यातून एकदा लाल भोपळा किंवा सुरण. धार लावायला एक सळई आहे. दगडावर बसायला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वेळ मिळतो. हेच उदाहरण पुढे धरते.

दुकानात जाताना फ्रीजवरचं छोटं लोहचुंबक बरोबर न्या. '३०४' किंवा '१८/८' स्टेनलेस म्हणून विकल्या जाणाऱ्या सुऱ्या घेऊ नका. ते पोलाद डब्या-पातेल्यांसाठी उत्तम, कारण गंजत नाही. पण त्यात कार्बन फार थोडा असतो, त्यामुळे लोहार म्हणतात तसं त्याला 'पाणी' देता येत नाही. तापवून थंड केलं तरी ते कडक होत नाही आणि धार टिकत नाही. पात्याला चुंबक घट्ट चिकटला नाही तर सुरी परत ठेवा. चिकटला म्हणजे चांगलंच पोलाद, असं मात्र नाही. ती फक्त पहिली चाळणी आहे.

आता कडकपणा. तो रॉकवेल अंकात, म्हणजे 'एचआरसी'मध्ये सांगतात. ५२-५४च्या स्वस्त सुरीची धार लवकर वाकते, पण चिनी मातीच्या मगाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासली तरी परत येते. ६०च्या वरच्या जपानी धर्तीच्या सुरीने कांदा लोण्यासारखा कापला जातो आणि धारही खूप दिवस टिकते. पण तीच सुरी भोपळ्यात घालून पिरगळली की धारेचे बारीक कपचे उडतात. तिला सळई चालत नाही, पाण्यात भिजवलेला दगडच लागतो.

आमच्यासारख्या घराला ५५ ते ५७ योग्य. ऑनलाइन माहितीत त्यासाठी `X50CrMoV15` किंवा `1.4116` असं लिहिलेलं शोधा. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं, म्हणजे धारही धरते आणि टोमॅटो-लिंबाने डागही पडत नाहीत. पातं १५ ते १८ सेंटीमीटर लांब आणि पाठीकडे दोन मिलिमीटरच्या आत असू द्या. जाड पात्याने गाजर कापलं जात नाही, फुटतं.

साधं कार्बन पोलाद, म्हणजे आपल्या विळीचं, मला मनापासून आवडतं. धार पटकन लागते. पण आवळा, केळफूल, कैरी चिरली की लोखंडामुळे भाजीही काळी पडते आणि पातंही. चिरून झाल्या झाल्या धुऊन कोरडं पुसण्याची सवय घरातल्या सगळ्यांना असेल तरच घ्या.

मूठ ओल्या हातात धरून पाहायची असते. दुकानात पाण्याचे दोन थेंब मागून घ्या. गुळगुळीत पोकळ स्टीलची मूठ भेंडी चिरताना हातात फिरते, म्हणून ती मी कधीच सुचवणार नाही. चारही बोटं मुठीवर बसायला हवीत आणि पातं पाटाला टेकलं तरी बोटांची पेरं पाटाला लागायला नकोत. मग पातं आणि मूठ जिथे जुळतात तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे पाणी आणि भाजीचा चोथा साचणार. आत गेलेलं पोलाद तिथूनच गंजतं आणि एक दिवस मूठ हलायला लागते. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि रिव्हेट सपाट बसलेले असतील तर उत्तम.

साध्या लाकडाची मूठ हाताला सगळ्यात छान लागते. मात्र कोकणच्या पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिला महिन्यातून एकदा जवसाचं तेल चोळा. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट होतं. एवढं जमणार नसेल तर राळ मुरवलेलं पक्कावुड किंवा खरखरीत प्लास्टिक घ्या.

घरी आणल्यावर धार ट्यूबलाइटखाली धरा. तीक्ष्ण धार दिसत नाही, बोथट जागा चमकते. टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरायला लागली की सळईवर हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढा. त्यानेही भागेना तेव्हा दगड. एकदा घाईत मी चांगली सुरी फिरत्या कोरड्या चाकावर लावून घेतली. धारेवर निळी झाक आली होती, आणि दोन दिवसांत ती बोथट झाली. निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापून त्याचं पाणी उतरलं. तेवढा निळा भाग दगडावर घासून काढला तेव्हाच खालचं कडक पोलाद पुन्हा लागलं.