दुबईचे कागद भारतात आणताना या चुका टाळा

अठरा वर्षं दुबईत काढली. रत्नागिरीला परतल्यावरही आठवड्याला एक फोन येतोच, "काका, कागद अडलाय." कागद वेगळे, पण घोळ तेच.

सुरुवात साध्या गैरसमजापासून. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा एकच सरकारी शिक्का, जो करारातल्या दुसऱ्या देशांत चालतो. सौदी 2022 पासून या करारात आहे, ओमान आणि बहरीन त्याआधीपासून. अमिराती, कतार, कुवेत नाहीत. तरी "दुबईहून अपोस्टिल करून आण" असं सांगणारा एजंट भेटतोच. जिथे अपोस्टिल होतच नाही, तिथून तो आणायचा कुठून?

या देशांत साखळी लागते. दाखला देणारं खातं, मग तिथलं परराष्ट्र मंत्रालय (आम्ही सगळे 'मोफा' म्हणतो), मग तिथलीच भारतीय वकिलात किंवा कॉन्सुलेट. प्रत्येक टेबल फक्त आधीच्या टेबलाची सही ओळखतं. कॉन्सुलेटकडे मोफाच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने असतात, इस्पितळातल्या डॉक्टरच्या सहीचा नसतो. म्हणून मोफा वगळून थेट कॉन्सुलेटच्या रांगेत उभं राहणाऱ्याला परत पाठवतात. त्यात खिडकीवरच्या माणसाचा काय दोष?

आता माझा दुखरा विषय, भाषांतर. आमच्या वाडीतला एकजण दुबईत वारला. मृत्यूचा दाखला अरबीत. पुतण्याने घाईत टायपिंग सेंटरमधून इंग्रजी भाषांतर करून घेतलं, त्यावर सगळे शिक्के मारून घेतले आणि विमान पकडलं. इथे विमा कंपनीने फाइल परत केली. मी कागद उजेडात धरून पाहिले. इंग्रजी पानावर मोफा आणि कॉन्सुलेट दोघांचे शिक्के, अरबी दाखल्याची पाठ कोरी! म्हणजे भाषांतरकाराची सही खरी ठरली, दाखला खरा आहे हे कोणीच म्हटलं नव्हतं. मूळ कागद कुरिअरने परत गेला, तिथल्या ओळखीच्या माणसाने साखळी पहिल्यापासून केली. दीड महिना गेला, आणि वहिनी रोज विचारत होत्या, "आलं का काही?"

माझी सवय अशी: इंग्रजी दाखला मिळत असेल तर तोच मागायचा. अरबीच असेल तर आधी मूळ दाखल्यावर शिक्के, भाषांतर नंतर. शेवटी मूळ कागद उलटून पाहायचा. मोफा आणि कॉन्सुलेट, दोन्ही त्यावर दिसल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

खाजगी कंपनीचा अनुभवाचा दाखला मोफाकडे थेट जात नाही, आधी चेंबर ऑफ कॉमर्स. लॅमिनेशन करू नका, शिक्का मारायचा कुठे? नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा, तेही पहिल्या शिक्क्याआधी. नंतर दुरुस्ती केलीत तर नवा दाखला, नवी साखळी आणि मोफाचे दीडशे दिरहम पुन्हा.

आणि "दोन दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नका. मंत्रालयाच्या शिक्क्याचा नंबर तपासता येतो. खोटा निघाला तर तो एजंट फोन उचलत नाही, आणि कागदावर नाव तुमचं असतं.