कायमचे परतताना: एनआरई आणि एनआरओ खाती निवासी करण्याची तयारी

आखातातून कायमचे गावी येणाऱ्या माणसाने सर्वप्रथम एका कागदावर दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: भारतात पाऊल ठेवण्याची तारीख आणि त्या आर्थिक वर्षात आधीच्या सुट्ट्यांत भारतात काढलेले दिवस. खात्यांचा प्रश्न पहिल्या नोंदीने सुटतो आणि आयकराचा बराचसा प्रश्न दुसरीने. या दोन्हींची सरमिसळ झाली की चुका होतात. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, माणूस कोणत्या हेतूने परतला ते पाहतो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आलेला माणूस त्याच दिवसापासून निवासी ठरतो. आयकर कायदा मात्र मुख्यतः दिवस मोजतो. ‘एकशे ब्याऐंशी दिवस होईपर्यंत मी अनिवासीच’ हे विधान आयकरापुरते बहुधा खरे असते, पण बँकेतल्या खात्याला ते लागू होत नाही.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. चिपळूणचा एक अभियंता चौदा वर्षे अबुधाबीत नोकरी करून 15 नोव्हेंबर 2025 रोजी कायमचा परतला. जूनमध्ये तो 20 दिवस घरी येऊन गेला होता, आणि एरवी दरवर्षी महिनाभर येत असे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे 137 दिवस आणि जूनचे 20 मिळून 157 होतात. मागच्या चार वर्षांतले त्याचे मुक्कामाचे दिवसही 365 च्या बरेच खाली आहेत. त्यामुळे 2025-26 साठी तो आयकराच्या दृष्टीने अनिवासी आहे. तरीही एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई रुपयांत ठेवण्याच्या अनिवासी खात्यावरील व्याजाची करमाफी फेमाच्या व्याख्येला बांधलेली असल्यामुळे ती 15 नोव्हेंबरलाच थांबते. त्याच्याजवळ 40 लाखांची एनआरई मुदत ठेव सात टक्क्यांनी असेल, तर वर्षाचे व्याज 2,80,000 रुपये होते, आणि त्यातले 137 दिवसांचे सुमारे 1,05,000 रुपये करपात्र ठरतात. बँकेला कळवलेच नाही तर बँक करकपात करत नाही, आणि अनेकांना वाटते की कपात नाही म्हणजे करही नाही. तसे नसते. विवरणपत्रात ते व्याज स्वतःहून दाखवावे लागते.

म्हणून तिकीट काढण्याच्या आधीच बँकेच्या अनिवासी विभागाशी बोलून आरएफसी खाते, म्हणजे निवासी परकीय चलन खाते, उघडायची तजवीज करावी. या यादीत सर्वांत जास्त विचार याच बाबीला द्यावा, कारण इथे क्रम चुकला की तो सुधारता येत नाही. परतल्यावर एनआरईतील रकमेला दोन वाटा असतात: ती निवासी रुपया खात्यात जाते किंवा आरएफसीत. एकदा ती साध्या निवासी बचत खात्यात मिसळली की तिचे परदेशी मूळ संपते. पुढे मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी पैसे पाठवायचे झाल्यास इतर निवाशांप्रमाणे वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेतून जावे लागते. आरएफसीतील पैशाला मात्र असे बंधन नाही. उद्या पुन्हा नोकरीसाठी बाहेर जावे लागले तर ती रक्कम एनआरई किंवा एफसीएनआर, म्हणजे अनिवासींच्या परकीय चलनातील ठेवीच्या खात्यातही नेता येते.

तरीही सगळीच रक्कम आरएफसीत टाकावी असे माझे मत नाही. एनआरईतले पैसे मुळात रुपयांत असतात, आणि त्यांचे डॉलर करताना बँकेचा विक्रीदर लागतो. ज्या रकमेचा उपयोग चिपळूणलाच घरदुरुस्तीसाठी व्हायचा आहे, ती डॉलरमध्ये नेऊन परत रुपयांत आणणे म्हणजे दोनदा तोटा सोसणे. शिवाय एनआरई मुदत ठेवीला एक वर्ष पूर्ण झालेले नसेल, तर आरएफसीत नेताना तिच्यावर जेमतेम आरएफसी बचतीच्या दराइतकेच व्याज मिळू शकते. म्हणून प्रत्येक ठेवीची सुरुवातीची तारीख आधी पाहावी. एफसीएनआर ठेव असेल तर ती मोडण्याची घाई करू नये. ती ठरलेल्या दराने मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवता येते आणि नंतर आरएफसीत वळवता येते.

परकीय चलनातील या ठेवींच्या व्याजावर माणूस ‘निवासी पण साधारण निवासी नाही’ या वर्गात असेपर्यंत कर लागत नाही. आपल्या अभियंत्याला हा वर्ग 2026-27 आणि 2027-28 अशी दोन वर्षे मिळतो. 2028-29 मध्ये मागच्या दहा वर्षांपैकी आठच वर्षे अनिवासी उरतात, आणि सात वर्षांतला भारतातला मुक्कामही 729 दिवसांपलीकडे जातो, त्यामुळे सवलत संपते. त्या वर्षापासून परदेशात शिल्लक ठेवलेली खातीसुद्धा विवरणपत्रात नोंदवावी लागतात.

बँकेत जाताना आगमनाचा शिक्का असलेला पासपोर्ट, निवासी व्हिसा रद्द झाल्याचा कागद, पॅन, आधार, चालू पत्त्याचा पुरावा आणि कर-निवासाचे स्वयंघोषणापत्र बरोबर असावे. त्याहीपेक्षा आधी भारतीय मोबाइल क्रमांक खात्याला जोडून घ्यावा. तिकडचे सिम बंद झाले आणि ओटीपी त्याच क्रमांकावर जात राहिला, तर प्रत्येक साध्या कामाला शाखेची पायरी चढावी लागते. अबुधाबीतील खाते मात्र सेवाअखेरचे पैसे जमा होईपर्यंत बंद करू नये. ते पैसे परतल्यानंतर आले, तर एनआरईत भरता येत नाहीत, पण आरएफसीत जमा करता येतात.

एनआरओ, म्हणजे भारतातली मिळकत जमा होणाऱ्या अनिवासी खात्याचे काम सोपे आहे, पण फसगत इथेच जास्त होते. बचत खाते निवासी होते, आणि त्याला जोडलेल्या मुदत ठेवी संगणकात एनआरओच राहतात. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या हे वर्षअखेरीस लक्षात आले. आठ लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी 56,000 रुपये व्याज असेल, तर एनआरओ म्हणून 31.2 टक्के, म्हणजे 17,472 रुपये कापले जातात. निवासी म्हणून दहा टक्क्यांनी 5,600 रुपयेच कापले गेले असते. जादा कापलेली रक्कम परतावा म्हणून मिळते, पण विवरणपत्र भरून थांबावे लागते. म्हणून अर्जात प्रत्येक ठेवीचा क्रमांक स्वतंत्र लिहावा. काम झाले की नाही ते शाखेच्या तोंडी उत्तरावरून ठरवू नये. पुढच्या तिमाहीत आयकर खात्याकडची करकपातीची नोंद, म्हणजे 26एएस उघडून कपातीचा दर पाहावा. दर दहा टक्क्यांवर आला असेल तरच ठेव खरोखर बदलली.

बऱ्याच बँकांत खात्याचा क्रमांक बदलतो. त्यामुळे विम्याचे हप्ते, एसआयपी आणि गृहकर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो त्यांची यादी करून नवे आदेश आधी नोंदवावेत, आणि जुन्या खात्यात एका हप्त्यापुरती रक्कम ठेवावी. म्युच्युअल फंडांच्या केवायसीतही निवासी दर्जा नोंदवावा. अनिवासी म्हणून उघडलेले डीमॅट असेल, तर निवासी डीमॅट उघडून शेअर तिकडे हलवावेत. नामनिर्देशन नव्या खात्यावर आपोआप येईल असे गृहीत धरू नये, ते पासबुकावर छापलेले पाहूनच घरी यावे.