तळाच्या डिस्कवर किती व्होल्टेज? इन्सुलेटर स्ट्रिंगचा हिशेब आणि ग्रेडिंग रिंग बसवताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी डिप्लोमाची चार-पाच पोरं अभ्यासाला येतात. कुणी ट्रान्समिशन लाइनवर ट्रेनी आहे, कुणाची परीक्षा तोंडावर आहे. नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो: २२० केव्हीच्या लाइनला १४ डिस्कची सस्पेन्शन स्ट्रिंग आहे, तर तारेलगतच्या सगळ्यात खालच्या डिस्कवर किती व्होल्टेज?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "२२० भागिले १४. साधारण पावणेसोळा, काका."

यात दोन चुका आहेत. पहिली किरकोळ: स्ट्रिंग एका फेजची तार आणि जमिनीला जोडलेला टॉवर यांच्यामध्ये लोंबते, म्हणून २२० ला √3 ने भागायला हवं. ते झाले १२७ केव्ही. दुसरी चूक मोठी आहे, कारण १२७ ला १४ ने भागून येणारे ९ केव्हीसुद्धा त्या डिस्कवर नसतात. तिच्यावर त्याच्या कितीतरी पट जास्त असतात. खालचं प्रत्येक शीर्षक म्हणजे अशीच एक नेहमी ऐकू येणारी चुकीची समजूत आहे.

सगळ्या डिस्क सारख्या, म्हणून वाटणीही सारखी

डिस्क सारख्याच असतात, त्याबद्दल तक्रार नाही. वर कॅप, खाली पिन, मध्ये पोर्सलीन, म्हणजे प्रत्येक डिस्क हा एक छोटा कपॅसिटर. त्याचा कपॅसिटन्स ४० पिकोफॅरॅड धरू. पण दोन डिस्क जिथे जुळतात तिथलं धातूचं टोक टॉवरसमोर उघडं असतं. त्या टोकाचा टॉवरशीही एक बारीकसा कपॅसिटर तयार होतो, तो ४ पिकोफॅरॅड धरू. चित्रात तो दिसत नाही म्हणून हिशेबातून गळतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हे मी पोरांना जुन्या वाड्याच्या नळावरून समजावतो. खालचा पंप पाणी वर चढवतो आणि प्रत्येक मजल्यावर एकेक नळ थोडं थोडं पाणी काढून घेतो. सगळ्यात वरच्या पाइपमधून फक्त वरच्यांचंच पाणी जातं. सगळ्यात खालच्या पाइपला मात्र सगळ्या मजल्यांचं पाणी वाहावं लागतं, म्हणून दाबही त्याच तुकड्यात सगळ्यात जास्त खर्च होतो. स्ट्रिंगमध्ये पंप म्हणजे तार, नळ म्हणजे प्रत्येक जोडावरून टॉवरकडे सुटणारा चार्जिंग करंट. खालच्या डिस्कमधून सगळ्या जोडांचा करंट जातो. तिचा कपॅसिटन्स तर इतरांइतकाच. मग व्होल्टेज तिच्यावरच जास्त पडणार.

यातून मोजायची सोपी रीत निघते. प्रत्येक डिस्कवरचं व्होल्टेज म्हणजे तिच्या लगत वरच्या डिस्कचं व्होल्टेज, अधिक वरच्या सगळ्या डिस्कच्या बेरजेचा दहावा भाग (४ भागिले ४०). मोजणी क्रॉसआर्मपासून, म्हणजे टॉवरच्या ज्या आडव्या हाताला स्ट्रिंग टांगलेली असते तिथून, खाली करायची. पेपरात कित्येक जण तारेकडून वर मोजत जातात आणि उत्तर उलटं येतं.

३३ केव्हीच्या तीन डिस्क घ्या. वरची १ धरली तर दुसरी १.१ आणि तिसरी १.१ + ०.२१ = १.३१. बेरीज ३.४१. फेजचे १९.०५ केव्ही या प्रमाणात वाटले की ५.५९, ६.१४ आणि ७.३२ केव्ही येतात. स्ट्रिंग एफिशियन्सी म्हणजे १९.०५ भागिले (३ × ७.३२), साधारण ८७ टक्के. इथवर फरक डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच तीन डिस्कचं गणित सोडवून पोरांना वाटतं की आपल्याला विषय कळला.

खालची डिस्क दमतेय? मग वर डिस्क वाढवा

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती दिसायला अगदी शहाणपणाची आहे. तीच बेरीज १४ डिस्कपर्यंत नेऊन पाहा, कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. खालच्या डिस्कचा वाटा तीन डिस्कच्या स्ट्रिंगमध्ये ३८ टक्के येतो. पाच डिस्कला ३० टक्के, सातला २८, दहाला २७. आणि चौदाला? तेही २७. वीस डिस्क लावा, तरी २७ च.

म्हणजे एका मर्यादेनंतर वाढवलेली डिस्क खालचीचा भार हलका करतच नाही. १२७ चे २७ टक्के म्हणजे ३४ केव्ही त्या एकट्या डिस्कवर, आणि सगळ्यात वरच्या डिस्कवर जेमतेम १ केव्ही. डिस्क वाढवल्याने स्ट्रिंगची लांबी वाढते, क्रीपेज म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागावरून तारेपासून टॉवरपर्यंतची वाट वाढते, वीज पडल्यावरचा किंवा स्विचिंगचा झटका सोसण्याची ताकद वाढते. त्या कारणांसाठी जरूर वाढवा. खालचीला दिलासा म्हणून वाढवू नका.

एक सावधगिरी मात्र ठेवा. या हिशेबात तार आणि जोड यांच्यामधला थेट कपॅसिटन्स धरलेला नाही. खऱ्या स्ट्रिंगमध्ये तो थोडासा असतो, त्यामुळे ३४ चा आकडा खाली येतो. दुसरं म्हणजे सगळ्यात कमी व्होल्टेज अगदी वरच्या डिस्कवर नसतं, तिच्या खाली काही डिस्क सोडून असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रिंग म्हणजे कोरोनाचा दागिना

ग्रेडिंग रिंग नेमकं काय करते? नळाच्याच भाषेत, ती पंपापासून बाजूने निघालेला दुसरा पाइप आहे, खालच्या मजल्यांच्या नळांना परस्पर पाणी देणारा. रिंग तारेच्याच पोटेन्शियलला असते आणि खालच्या डिस्कभोवती येते. त्यामुळे तार आणि खालचे जोड यांच्यात वाढीव कपॅसिटन्स तयार होतो. जोडांवरून टॉवरकडे जाणारा करंट आता रिंग पुरवते, आणि तेवढा करंट खालच्या डिस्कमधून जायचा वाचतो.

आकड्यात पाहू. समजा रिंगने सगळ्यात खालच्या जोडाला १० पिकोफॅरॅड दिले. खालच्या डिस्कच्या ४० ला समांतर १० मिळाले, म्हणून सगळ्यात वरची १ धरली तर तिचं प्रमाण ३४.६८ वरून २७.७४ वर आलं. पुन्हा वाटणी केली की तिच्यावर ३४ च्या जागी २९ केव्ही राहतात. पण तिच्या वरच्या, तेराव्या डिस्कवर २५ चे साडेसव्वीस होतात. एकूण १२७ कुठे जाणार? खालून उतरलेलं व्होल्टेज वरच्यांवर पसरतं. म्हणून चांगली रिंग एकाच जोडाला न धरता खालच्या दोन-तीन जोडांना कमी-जास्त प्रमाणात धरते.

मग रिंगने सगळ्या डिस्क समान का करत नाहीत? त्यासाठी सगळ्यात खालच्या जोडाला १३ × ४ = ५२ पिकोफॅरॅड लागतात, तर सगळ्यात वरच्याला फक्त ०.३. हवेत थोड्या अंतरावर असलेल्या नळीच्या कड्यातून ५२ पिकोफॅरॅड मिळवणं व्यवहारात होत नाही. रिंग खालच्या डिस्कचा ताण उतरवते, सगळ्यांची समान वाटणी करत नाही. कड्याची नळी जाड आणि गुळगुळीत असते ती तिच्यावरच कोरोना, म्हणजे हवेत चुरचुरणारा निळसर डिस्चार्ज, होऊ नये म्हणून, एवढाच त्या "दागिन्या"चा भाग.

रिंग बसवली की झालं

नोकरीत असताना एका लाइनवर स्ट्रिंग बदलून झाल्यानंतरच्या रात्री आम्ही पेट्रोलिंगला गेलो होतो. टॉवरखाली उभं राहिल्यावर तळलेल्या पापडासारखी चुरचुर ऐकू येत होती. दुर्बिणीतून पाहिलं तर मधल्या फेजच्या खालच्या डिस्कच्या पिनभोवती, सिमेंटच्या कडेला, निळसर झाक होती. बाकीचे दोन फेज गप्प. जोडीदार लाइनमन म्हणाला, "साहेब, डिस्क गेली वाटतं." दिवसा शटडाउन घेऊन वर चढलो. डिस्क चांगली होती. रिंगचे हात उलटे बसले होते, त्यामुळे कडं डिस्कभोवती न येता क्लॅम्पच्या खाली तारेजवळ लोंबत होतं. तिथे ते तारेच्या आणि क्लॅम्पच्या आडोशाला असतं आणि वरच्या जोडांना त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. हात फिरवून कडं वर घेतलं आणि बोल्ट आवळले. त्या रात्री तिन्ही फेज सारखेच शांत होते.

उलटं म्हणून कुणी कडं जास्तच वर नेऊ नये. ते जितकं वर जाईल तितकं टॉवरपर्यंतचं हवेतलं मोकळं अंतर कमी होतं आणि झटक्याच्या वेळी फ्लॅशओव्हर लवकर होतो. ड्रॉइंगमधली उंची पाळा. आणि बोल्ट सैल राहिला तर रिंगचं तारेशी कनेक्शन धड राहत नाही. मग बोल्टपाशीच ठिणग्या उडतात. अशा वेळी निळी झाक पिनवर नाही, रिंगच्या हातावर दिसते. उलटी रिंग की सैल रिंग, हे इथून ओळखता येतं.

मेगरने वाटणी तपासली

इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा ५ केव्हीचा मेगर डीसी देतो. फुटलेली, पंक्चर झालेली डिस्क तो शोधून देतो, पण चालू लाइनवर व्होल्टेज कसं वाटलं गेलंय हे त्याला कळत नाही, कारण ती वाटणी एसीची आणि कपॅसिटन्सची आहे. "सगळ्या डिस्कचं मेगर सारखं, म्हणजे व्होल्टेजही सारखं" हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

हॉट स्टिकच्या, म्हणजे चालू लाइनवर वापरायच्या इन्सुलेटेड काठीच्या, टेस्टरने डिस्कवार रीडिंग घेताना वेगळीच चूक होते. वरून चौथी डिस्क पहिलीपेक्षा कमी दाखवते, लगेच "ही बाद" असा शेरा पडतो. मघाशी म्हटलं तसं, वरच्या काही डिस्कवर कमी व्होल्टेज असणं हे स्वाभाविक आहे. तुलना त्याच स्ट्रिंगमधल्या शेजारणीशी करू नका. दुसऱ्या फेजच्या तशाच स्ट्रिंगमधल्या त्याच नंबरच्या डिस्कशी करा. तिथे चौथी जे दाखवते त्याच्या मानाने इथली चौथी जवळजवळ शून्यावर असेल आणि बाकीच्या थोड्या थोड्या चढलेल्या असतील, तर ती डिस्क खरंच गेली.

धुक्यातल्या ट्रिपिंगवर रिंगचा उपाय

नंदेसरीसारख्या केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यात डिस्कवर थर बसतो, आणि थंडीत पहाटे धुकं पडलं की तो ओला होतो. आतापर्यंतचा सगळा हिशेब स्वच्छ, कोरड्या डिस्कचा होता. कोरड्या खालच्या डिस्कमधून कपॅसिटन्सचा करंट अर्धा मिलीअँपिअरही नसतो. ओल्या, मळक्या थरावरून वाहणारा करंट त्याच्या कित्येक पट होऊ शकतो. मग वाटणी थराच्या रेझिस्टन्सवर ठरते. थर जिथे आधी वाळतो तिथे कोरडा पट्टा तयार होतो, बरंचसं व्होल्टेज त्याच्यावर येतं आणि तिथून आर्क सरकायला लागतो. रिंगचे ८-१० पिकोफॅरॅड या करंटपुढे कुठेच लागत नाहीत. अशा लाइनवर ट्रिपिंग वाढलं तर रिंगचं माप बदलत बसू नका. डिस्क धुवा, आणि तरी भागलं नाही तर जास्त क्रीपेजच्या, अँटीफॉग डिस्क मागवा.