शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याचा अनुवाद: या चुका टाळा

गोषवाऱ्यात सगळ्यात जास्त घात होतो तो निष्कर्षाच्या वाक्यात. उदाहरणासाठी एक कल्पित वाक्य घेऊ. सहा तासांपेक्षा कमी झोप आणि उच्च रक्तदाब यांच्यात संबंध आढळला. ऑड्स रेशो १.४०, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१० ते १.७८, `p = 0.006`. अनुवादात ते असं उतरतं: ‘कमी झोपेमुळे उच्च रक्तदाबाचा धोका ४० टक्क्यांनी लक्षणीय वाढतो.’

वाक्य वाचायला छान आहे, पण त्यात तीन चुका आहेत. ‘मुळे’ या प्रत्ययाने संबंधाचं कारण करून टाकलं. संशोधक फक्त दोन गोष्टी एकत्र आढळल्या असं म्हणत होते, तेव्हा ‘यांच्यात संबंध आढळला’ हेच बरोबर. नुसतं ‘लक्षणीय’ म्हटलं की वाचक ‘खूप मोठा’ असं समजतो, म्हणून ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ असं पूर्ण लिहा, लांबलं तरी चालेल.

तिसरी चूक सहज दिसत नाही. ऑड्स म्हणजे धोका नव्हे. पुरेशी झोप घेणाऱ्या १०० जणांपैकी २० जणांना उच्च रक्तदाब आहे असं धरा. त्यांचे ऑड्स २० ला ८०, म्हणजे ०.२५. त्याला १.४० ने गुणलं की कमी झोपणाऱ्यांचे ऑड्स ०.३५ येतात आणि त्यांच्यातलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण होतं साधारण २६ टक्के. २० वरून २६ म्हणजे वाढ ३० टक्क्यांची, ४० ची नाही. आजार विरळ असेल तर हे दोन आकडे जवळ येतात, पण ते ठरवणं अनुवादकाचं काम नाही. ‘ऑड्स रेशो’ हा शब्द तसाच ठेवा. त्याला ‘शक्यता’ म्हणू नका. तो शब्द संभाव्यतेसाठी लागतो.

आता संदर्भ. मजकुरातले अंक देवनागरी करताना अनेकजण पूर्ण फाइलवर ‘शोधा आणि बदला’ चालवतात आणि संदर्भसूचीतले डीओआयही बदलून जातात. `https://doi.org/10.1000/182` चालतो, `https://doi.org/१०.१०००/१८२` चालत नाही, कारण संगणकासाठी हे अंक वेगळी अक्षरं आहेत. बदल फक्त मजकुराचा भाग निवडून करा.

सूचीतली नावं आणि शीर्षकं मुळात आहेत तशीच ठेवा. शीर्षकाचा अर्थ द्यायचाच असेल तर मूळ शीर्षकापुढे चौकटी कंसात द्या. मूळ काढून नुसता अनुवाद ठेवला, तर तो निबंध कोणालाही शोधता येणार नाही. मजकुरात लेखकाचं आडनाव देवनागरीत लिहिलंत, तर पहिल्या उल्लेखात त्याचं रोमन रूपही द्या. नाहीतर एका पानावर ‘झांग’, दुसऱ्यावर ‘चांग’ होतं आणि सूचीत दोन्ही सापडत नाहीत.

शेवटी सूचीतला प्रत्येक डीओआय क्लिक करा आणि उघडलेल्या पानावरचं शीर्षक नोंदीतल्या शीर्षकाशी जुळवा.