विभक्तीच्या आधीचे तीन तास

संस्कृत शिकवायला लागल्याच्या पहिल्या वर्षी मी आठवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात 'देवः देवौ देवाः' फळ्यावर लिहून दिलं. मुलांनी आठ दिवसांत ते घडाघडा पाठ केलं, पाठोपाठ 'वनम्'ही केलं. मग मी एक दोन शब्दांचं वाक्य भाषांतराला दिलं: 'फलं पतति'. निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर होतं, 'फळाला पाडतो'. एकीला विचारलं, तर तिने सरळ कारण सांगितलं: "सर, म् आहे ना शेवटी. म्हणजे द्वितीया, म्हणजे फळाला."

तिचं पाठांतर चोख होतं. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते हेही तिला ठाऊक होतं. पण या वाक्यात पडणारं कोण आणि पाडणारं कोण, हा प्रश्न तिला कधी कुणी विचारलाच नव्हता. मी तरी कुठे विचारला होता? तेव्हापासून विभक्तीला हात लावण्याआधीचे तीन तास मी कर्ता, कर्म आणि सकर्मक क्रियापद यांनाच देतो आणि ते संपूर्ण मराठीत घेतो. तिसऱ्या तासाची शेवटची पाच मिनिटं सोडली, तर या तीन तासांत फळ्यावर संस्कृतचा एकही शब्द येत नाही. नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी ते तास इथे मांडतो आहे.

पहिल्या तासाला मी कर्त्यापासून सुरुवात करत नाही, क्रियापदापासून करतो. फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. 'कप फुटला.' 'तिने कप फोडला.' मुलांना विचारतो, घरी आईसमोर यातलं कुठलं वाक्य म्हणाल? सगळे पहिलं म्हणतात, आणि का, तेही लगेच सांगतात: त्यात नाव कुणाचंच येत नाही. मग पडला-पाडला, तुटला-तोडला, मेला-मारला अशा जोड्या मुलांकडूनच काढून घेतो. दहा मिनिटांत फळा भरतो. कप तोच असतो, पण एका वाक्यात तो स्वतः फुटतो आणि दुसऱ्यात कुणीतरी त्याला फोडतं. हे मुलांनी आपल्या तोंडाने सांगेपर्यंत मी थांबतो. व्याख्या सांगायची घाई इथे करू नका.

यानंतर मी जो खेळ घेतो तो मराठी मुलांसोबत सहज जमतो, कारण त्याचं उत्तर त्यांच्या जिभेवर आधीच तयार असतं. मी क्रियापद सांगायचं आणि मुलांनी भूतकाळात 'तो' की 'त्याने' ते ओरडून सांगायचं. धावणे? तो धावला. झोपणे? तो झोपला. कापणे? त्याने कापलं. उचलणे? त्याने उचललं. फळ्यावर दोन रांगा तयार होतात. मग 'त्याने'च्या रांगेतलं एकेक क्रियापद घेऊन नुसतं म्हणायचं, "त्याने उचललं", आणि गप्प बसायचं. कुणीतरी विचारतंच, "काय?" 'तो झोपला' म्हटल्यावर तो "काय?" येत नाही. ज्या क्रियापदाला हा "काय?" किंवा "कोणाला?" आतूनच जोडलेला असतो, त्याचं नाव मी तासाच्या शेवटी सांगतो: सकर्मक, म्हणजे कर्मासकट.

एक शब्द मुद्दाम खेळात टाका: वाचणे. अर्धा वर्ग म्हणतो "तो वाचला", अर्धा म्हणतो "त्याने वाचलं", आणि दोघंही बरोबर असतात. अपघातातून तो वाचला, पुस्तक त्याने वाचलं. दिसायला क्रियापद एकच, पण एक अकर्मक आणि एक सकर्मक. सकर्मकपणा शब्दावर शिक्क्यासारखा मारलेला नसतो, तो अर्थातून येतो, हे समजवायला याहून सोपं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

दोन काळज्या घ्या. खेळ तृतीय पुरुषातच घ्या, कारण 'मी धावलो' आणि 'मी आंबा खाल्ला' या दोन्हींत 'मी' जसाच्या तसा राहतो आणि फरक लपतो. दुसरं, थोडी क्रियापदं या कसोटीला दाद देत नाहीत. 'तो धडा शिकला', 'ती छत्री विसरली', 'तो खोटं बोलला', 'तो पाणी प्याला'. इथे 'काय?' आहे, तरी 'ने' नाही. चुणचुणीत मूल यातलं एखादं काढतंच. तेव्हा "अपवाद आहे" म्हणून गप्प करू नका. 'काय?'चा प्रश्न मोठा, 'ने'ची खूण त्याच्या मदतीला, असं सांगा. छत्रीवाल्या वाक्यात 'काय?' विचारता येतो, म्हणजे क्रियापद सकर्मक.

दुसऱ्या तासाला कर्ता. इथे भूतकाळ पूर्णपणे बाजूला ठेवायचा. 'त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली' यात क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या मागे फिरतं, खाणाऱ्याच्या नाही. ज्या मुलाने "क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलतं तो कर्ता" असं कुठेतरी ऐकलेलं असतं, तो पोळीला कर्ता ठरवतो. म्हणून सगळी वाक्यं वर्तमानकाळात घ्या: तो आंबा खातो, ती आंबा खाते.

'क्रिया करणारा तो कर्ता' ही व्याख्या बहुतेक मुलं पाठ करून आलेली असतात, आणि 'दगड पडतो' म्हटलं की तिच्यात अडकतात. दगड काय करतो? काहीच नाही. त्यापेक्षा शाळेतलीच जुनी युक्ती जास्त टिकते: क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावा आणि 'कोण?' विचारा. पडणारा कोण? दगड. उगवणारा कोण? सूर्य. खाणारी कोण? ती. त्यामुळे करण्या-न करण्याचा वाद मिटतो.

या युक्तीची खरी परीक्षा 'मला आंबा आवडतो' या वाक्यात होते. पहिल्यांदा बहुतेक सगळे म्हणतात, कर्ता 'मी', कर्म 'आंबा'. तुमच्या मनातही तेच येत असेल, आणि ते अगदीच निराधार नाही. अशा वाक्यातल्या 'मला'ला कर्त्याचे बरेच अधिकार असतात, असं मानणारे भाषाभ्यासक आहेत. पण वर्गात युक्ती प्रामाणिकपणे लावा. आवडणारा कोण? आंबा. क्रियापदही आंब्याचंच ऐकतं: आंबा आवडतो, पोळी आवडते, आंबे आवडतात. 'मला भूक लागते' मध्ये लागणारी भूक. संस्कृत शिकणाऱ्यासाठी हे उत्तर पुढे कामाला येतं, कारण तिथेही 'मह्यं मोदकः रोचते' यात मोदकच कर्ता असतो आणि 'मह्यम्' चतुर्थीत जातं. आज हे मुलांना सांगायचं नाही, पण पाया याच तासाला पडतो.

कर्माबाबत घोटाळा एकाच जागी होतो, तो म्हणजे 'ला'. मुलांच्या डोक्यात पक्कं असतं की 'ला' दिसला की कर्म. मी तीन वाक्यं एकाखाली एक लिहितो: 'मुलगी चित्र बघते.' 'मुलगी आजीला बघते.' 'मुलीला झोप येते.' पहिल्या दोन्हींत बघितलं जाणारं आहेच, पण 'ला' एकाच ठिकाणी. तिसऱ्यात 'ला' आहे, पण येणारी झोप आहे आणि 'काय येते?' याच्या उत्तरात कर्ताच हाती लागतो. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी 'णारा' लावून कर्ता काढायचा, त्याला बाजूला करायचं, आणि मगच 'काय? कोणाला?' विचारायचं. क्रम उलटला की झोप कर्म होऊन बसते. वहीत 'येते'चं कर्म म्हणून 'झोप' दिसली, तर मुलाने पहिली पायरी गाळली आहे हे लगेच ओळखता येतं.

'शिक्षक मुलांना गोष्ट सांगतात' अशी दोन 'कोणाला-काय'ची वाक्यं हमखास येतात. सांगितली जाते ती गोष्ट, तेवढं कर्म म्हणा, आणि 'मुलांना' फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट करून तिच्यात लिहून ठेवा. माझ्या फळ्यावर त्या चौकटीचं नाव 'नंतर' असतं. 'चाकूने', 'घरातून', 'झाडावर' सगळं तिथेच जातं. विभक्ती शिकवताना ती चौकट पुन्हा उघडतो.

तुमच्या स्वतःच्या मनात मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पाणिनीने 'स्वतन्त्रः कर्ता' आणि 'कर्तुरीप्सिततमं कर्म' ही सूत्रं कारकांच्या प्रकरणात सांगितली. कुठली विभक्ती लावायची, हा विचार त्याने वेगळा केला. म्हणजे आधी वाक्यातलं नातं, मग त्याची खूण. 'कर्ता म्हणजे प्रथमा' असं एकदा सांगून बसलात, तर पुढे 'बालकेन मोदकः खाद्यते' आल्यावर मूल मोदकाला खाणारा ठरवतं. 'खाणारा कोण?' विचारायची सवय असेल, तर तृतीयेतही त्याला बालक दिसतो.

मराठीची कसोटी कुठे संपते तेही आधीच माहीत असावं. 'तो गावाला गेला.' यात 'ने' नाही, आणि शाळेच्या व्याकरणात 'जाणे' अकर्मक. संस्कृतात 'ग्रामं गच्छति' मध्ये ग्राम हे कर्म आहे आणि गम् सकर्मक. हे तीन तासांत आणू नका, पण गच्छतिचा धडा येईल त्या दिवशी न विसरता सांगा, नाहीतर मुलं तुमच्याच कसोटीने तुम्हाला खोटं ठरवतील.

तिसऱ्या तासाला चिठ्ठ्या. प्रत्येक बाकावर तीन चिठ्ठ्या देतो: मुलगा, मोदक, खाणे. प्रत्यय कुठलाच नाही. कशाही क्रमाने मांडा, अर्थ एकच लागतो. मग मोदकाची चिठ्ठी काढून तिथे 'हत्ती' ठेवतो आणि खाणेच्या जागी 'बघणे'. आता वर्गात दोन तट पडतात. कोण कोणाला बघतं? कुणी चिठ्ठ्यांचा क्रम दाखवतं, कुणी म्हणतं क्रमाने काय होतंय, 'हत्तीला मुलगा बघतो' असंही आपण म्हणतोच की. शेवटी कुणीतरी पेन काढून एका चिठ्ठीवर 'ला' लिहितं आणि भांडण मिटतं.

त्याच दिवशी, तास संपायला पाच मिनिटं असताना, मी संस्कृतचं पहिलं वाक्य लिहितो: 'बालकः गजं पश्यति'. खाली 'गजः बालकं पश्यति'. काय बदललं ते मुलं स्वतः वाचून सांगतात. तिसरं वाक्य लिहितो, 'बालकः मोदकं खादति', आणि यंदा एका मुलीने लगेच हात वर केला. "सर, हत्तीला म् लावला ते कळलं. पण मोदकाला कशाला? तो थोडाच मुलाला खाणार आहे?"

मी तिला म्हटलं, मराठी जिवंत आहे की नाही ते बघून 'ला' लावते, संस्कृत ते बघत नाही. पुढच्या तासाला मी तिलाच फळ्यावर बोलावलं आणि 'मित्रं पुस्तकं पठति' लिहिलं. दोन्हीकडे म्. तिने थोडा वेळ वाक्याकडे बघितलं, पुटपुटत "वाचणारा कोण" म्हटलं आणि 'मित्रं'खाली रेघ ओढली.