खुर्चीचा मोडलेला पाय इपॉक्सीने जोडताना या चुका टाळा

चवथ जवळ आली की गोव्यात माळ्यावरच्या खुर्च्या खाली उतरतात आणि त्यातली एखादी हमखास मोडक्या पायाची निघते. पाहुणे यायच्या आत ती उभी करायची घाई असते, बाहेर भाद्रपदाची ओल असते आणि हाताशी दोन ट्यूबची इपॉक्सी असते. जोड फसतो तो बहुतेक वेळा इपॉक्सी वाईट म्हणून नव्हे, तर ती लावण्याच्या आधी आणि नंतर जे करायला हवे ते केले नाही म्हणून.

इथे एकच उदाहरण धरू, कारण हा मोड सर्वांत जास्त दिसतो. जेवणाच्या सागवानी खुर्चीचा मागचा पाय, सुमारे 35 मिलिमीटर जाड. कोणीतरी मागे रेलून खुर्ची दोन पायांवर उचलली आणि पाय बैठकीच्या पट्टीखाली तिरका फाटला. मोड सुमारे 90 मिलिमीटर लांब, लाकडाच्या तंतूंच्या दिशेने गेलेला. दोन्ही तुकडे हातात आहेत.

मोड पॉलिश पेपरने गुळगुळीत करणे

हा मोह आवरा. ताज्या मोडाचे खडबडीत तंतू एकमेकांत नेमके बसतात. घासले की ती जुळणी कायमची गेली आणि पाय थोडा आखूडही झाला. आधी दोन्ही तुकडे कोरडेच जुळवा, दाबा आणि उजेडासमोर धरा. फट दिसली तर ती का राहते ते शोधा: बहुधा एखादी वाकलेली ढलपी मध्ये येत असते. तेवढीच ब्लेडने कापा. मोडात जुना फेव्हिकॉल किंवा सरस असेल तर तो टोकदार हत्याराने खरवडून काढा. त्याच्यावर लावलेली इपॉक्सी लाकडाला नाही, त्या जुन्या थराला धरते, आणि तो थर सुटला की पाय सुटतो. साग तेलकट असतो, म्हणून मोड जुना असेल तर चिकटवण्याच्या थोडेच आधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या आणि अ‍ॅसिटोन पूर्ण उडू द्या.

ओले लाकूड जोडणे

पावसाळ्यात गोव्यात ही चूक सर्वांत महागात पडते. लाकूड हाताला कोरडे वाटते, पण आत ओल असते. इपॉक्सी तंतूंत नीट शिरत नाही, आणि पुढे लाकूड वाळून आकसले की जोडावर ताण येतो. सुटा तुकडा खोलीत पंख्याखाली ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याच वेळी वजन करा. वजन उतरत असेल तोवर थांबा, दोन दिवस स्थिर राहिले की काम सुरू करा. कडक उन्हात टाकून घाईने वाळवू नका, टोकांना चिरा पडतात.

अंदाजपंचे मिश्रण

दोन ट्यूबपैकी एकीत रेझिन असते, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होईल, हा समज चुकीचा आहे. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. एकाचे जास्तीचे उरले तर ते आत मऊ, चिकट पडून राहते. प्रमाण पाकिटावरचेच घ्या. काही इपॉक्सी आकारमानाने समसमान असतात, पण वजनाने तेच प्रमाण 100 ला 80 असे येते, कारण दोन्हींची घनता वेगळी. त्यामुळे मापाची पद्धत मध्येच बदलू नका. आपल्या मोडाला एकूण 8 मिलीलिटरच्या आसपास मिश्रण पुरते. एवढ्या थोड्या कामाला एक ग्रॅमने मोजणारा घरगुती काटा निरुपयोगी आहे: चार ग्रॅममागे एका ग्रॅमची चूक म्हणजे पंचवीस टक्के. औषधाच्या दुकानातून सुईशिवायच्या दोन सिरिंज आणा, एक रेझिनला, एक हार्डनरला. रेझिन घट्ट असल्याने ओढले जात नसेल तर दट्ट्या काढून मागून भरा.

फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर दोन मिनिटे ढवळा. कडेचे आणि तळाचे ओढून आत घ्या; मिश्रणात रेघा दिसत असतील तर अजून ढवळा. पाच मिनिटांत बसणारी इपॉक्सी या कामाला नको. गोव्याच्या उकाड्यात ती आणखी लवकर बसते आणि पाय जुळवण्याआधीच घट्ट होते. सावकाश बसणारी घ्या. हातमोजे घाला, हाताला लागली तर साबण-पाण्याने धुवा, अ‍ॅसिटोनने नको.

एकाच थरात काम उरकणे

मोडाची टोके इपॉक्सी शोषून घेतात आणि जोड आतून कोरडा राहतो. आधी दोन्ही बाजूंना पातळ थर लावून पाच-दहा मिनिटे थांबा. उरलेल्या मिश्रणात सागाचाच बारीक भुसा कालवून ते मधासारखे घट्ट करा आणि तो दुसरा थर द्या. कडांना आधीच मास्किंग टेप लावून ठेवली की बाहेर आलेले सहज निघते.

शिकंजा आवळत बसणे

सुताराच्या पांढऱ्या ग्लूला दाब लागतो, इपॉक्सीला लागत नाही. शिकंजा म्हणजे जी-क्लॅम्प पिळून आवळला तर सगळी इपॉक्सी बाहेर येते आणि जोड उपाशी राहतो. कडेने बारीक, सलग रेघ बाहेर आली की थांबा. दुसरी अडचण म्हणजे तिरक्या मोडावर दाब दिला की तुकडे एकमेकांवर घसरतात आणि पाय लांब होतो. म्हणून आधी पायाच्या लांबीच्या दिशेने हलका क्लॅम्प लावा, मग बाजूचे. क्लॅम्प नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, खाली प्लास्टिकचा कागद ठेवून. गुंडाळल्यावर खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात का पाहा. तिरकेपणा दुरुस्त करायची हीच शेवटची वेळ.

चोवीस तास हात लावू नका. फरशीवरचे उरलेले मिश्रण फेकू नका, तेच साक्षीदार आहे. दुसऱ्या दिवशी नखाने दाबा. नख रुतले तर जोडही कच्चा आहे. आतून कडक पण वर मेणचट थर असेल तर तो दमट हवेमुळे आलेला असतो. पाण्याने आणि भांडी घासायच्या काथ्याने घासून काढा. मिश्रणच मऊ राहिले असेल तर मात्र वरून काही लावून उपयोग नाही. हीट गनने हळूहळू गरम करा, इपॉक्सी नरम पडते, तुकडे सोडवा, खरवडा आणि पुन्हा सुरुवात करा.

नुसत्या जोडावर विसंबणे किंवा खिळा मारणे

जाडीच्या आठ पट लांब तिरका मोड असेल तर इपॉक्सी बहुधा एकटी भार घेते. आपला मोड अडीच पट आहे, म्हणून आधार लागणार. खिळा तंतू फाडतो आणि दमट हवेत गंजतो. जोड पक्का झाल्यावर मोडाला आडवी अशी 8 मिलिमीटरची दोन छिद्रे पाडा, एकमेकांपासून 40 मिलिमीटरवर. त्यांत सागाच्या किंवा दुसऱ्या कठीण लाकडाच्या खुंट्या इपॉक्सीत बुडवून बसवा. खुंटीवर लांबीभर एक खाच पाडा. नाहीतर अडकलेल्या इपॉक्सीचा दाब छिद्राच्या तळाशी वाढतो आणि पाय नव्याने फाटू शकतो. मोड आखूड आणि आडवा असेल तर खुंट्या पुरत नाहीत. तेव्हा पायाच्या मागच्या बाजूला लांब खोबण पाडून त्यात लांबीच्या दिशेने तंतू असलेली लाकडी पट्टी बसवावी लागते. हे काम सुताराकडे द्या.

मोडात भुकटी पडत असेल, किड्यांची छिद्रे असतील, तर इपॉक्सी त्या भुकटीलाच धरेल. तिथे नवा पाय घडवणे हाच उपाय. आणि खुर्ची बल्कांवात उन्हात राहणार असेल तर जोडावर वार्निश मारा. उघड्या इपॉक्सीला ऊन पिवळी आणि ठिसूळ करते.